कविता आवडणाऱ्या मुलीसाठी चार ओळी: यमक, अक्षरं आणि चौथ्या ओळीचं काम

प्रश्न: मला एक मुलगी आवडते. तिला कवितांचं वेड आहे. तिला पाठवायला चार ओळींचा, यमक जुळणारा, जरा गमतीदार मराठी मेसेज हवा आहे. कसा लिहू? कोणी एखादा लिहून दिला तरी चालेल.

उत्तर:

लिहून देतो, पण खाली. आधी यमकाबद्दल बोलू द्या. 'यमक म्हणजे काय, ट ला ट आणि री ला री' असं म्हणणाऱ्यांनी या प्रकाराचं फार नुकसान केलंय. कविता न वाचणाऱ्या माणसाला ट ला ट खपून जातं. कविता वाचणाऱ्या मुलीला ते पहिल्या दोन ओळींतच कळतं आणि पुढच्या दोन ती सौजन्य म्हणून वाचते.

असे मेसेज साधारण कसे असतात ते बघा. हा मी नमुन्यासाठी जुळवलाय:

तू कविता रोज वाचतेस
माझ्या मनात राहतेस
तुझ्याविना करमत नाही
तू स्वप्नात येतेस

भावना खरी असेल, पण यात जुळलेलं काहीच नाही. 'वाचतेस, राहतेस, येतेस' यांत सारखं आहे ते फक्त 'तेस', आणि ते व्याकरणानं फुकट दिलंय. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे साधं सरळ वाक्य लिहिलं की ओळीच्या शेवटी ते, तो, तेस, आहे, नाही, ला, ली यांतलं काहीतरी आपोआप येऊन बसतं. लिहिणाऱ्याला वाटतं यमक जमलं. वाचणाऱ्याला शोध लागल्याचा आनंद मिळत नाही, कारण शोधलेलं काही नसतं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. दोन्ही शब्दांचे प्रत्यय झाका आणि उरलेलं जुळतंय का बघा. 'वाच' आणि 'राह' जुळत नाहीत, म्हणजे यमक नाही. 'मागते' आणि 'वागते' यांत 'ते' झाकलं तर 'माग' आणि 'वाग' उरतात, म्हणजे यमक आहे. शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वरसुद्धा जुळायला हवा, एवढाच नियम लक्षात ठेवा. 'दिसते' आणि 'हसते' कागदावर जवळचे वाटतात, पण एकीकडे 'इस' आहे आणि दुसरीकडे 'अस', म्हणून कानाला ते लंगडं लागतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे क्रियापद ओळीच्या शेवटून हलवायचं. कवितेत मराठी शब्दक्रम भरपूर मोकळा असतो. 'अक्षरांची यात्रा चालते' याचं 'अक्षरांची चाले यात्रा' केलं की शेवटी नाम येतं, आणि नामांची यमकं प्रत्ययावर तगत नाहीत. फक्त हे बेतानं करा. चारही ओळी उलटसुलट केल्या तर शाळेतल्या अन्वयाच्या प्रश्नासारखं वाचून अर्थ लावावा लागतो. चारांत दोन ओळी वळवल्या की पुरे.

दुसरा दोष लांबीचा. वरच्या ओळींची अक्षरं मोजा: 10, 9, 10 आणि 7. सगळा जोर जिच्यावर यायला हवा ती चौथी ओळच सगळ्यांत तोकडी, म्हणून ती वाचताना दम निघून जातो. चार ओळींच्या मेसेजसाठी मी कायम अष्टाक्षरी सुचवतो, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. लहान अभंगाच्या चरणांतही आठच अक्षरं असतात, त्यामुळे हे माप मराठी कानाला न शिकवता येतं. फायदा आणखी एक आहे. आठ अक्षरांची ओळ मोबाइलवर सहसा मोडत नाही. चौदा-सोळा अक्षरांची ओळ मेसेजच्या चौकटीत मधेच तुटते, यमक ओळीच्या पोटात जातं आणि चाराच्या सहा ओळी दिसतात.

मोजताना लिहिलेलं अक्षर मोजायचं, ऐकू आलेलं नाही. 'मन' आपण 'मन्' म्हणतो, पण मोजताना दोन. जोडाक्षर कितीही भरगच्च असलं तरी एक: 'रात्र' दोन, 'शब्द' दोन, 'अक्षरांची' चार. काना-मात्रा-वेलांटीनं संख्या वाढत नाही. बोटांवर मोजा, मनातल्या मनात मोजलं की 'मन'सारख्या शब्दांत हमखास एक अक्षर कमी धरलं जातं.

आता गमतीचा भाग. चौथी ओळ आधी लिहायची. पहिल्या ओळीपासून सुरुवात करणारे तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं बोलून टाकतात, मग चौथीत यमकापुरता शब्द शोधत बसतात. गंमत चौथ्या ओळीत आणि शक्य असेल तर तिच्या शेवटच्या शब्दात असावी. तिसऱ्या ओळीचं काम थांबवून धरण्याचं. म्हणून तिसरी ओळ यमकातून मोकळी ठेवतात. फार्सीतून आलेल्या रुबाईत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते, तिसरी सुटी राहते. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हापासून ही बांधणी आपल्याकडे परिचयाची आहे. चारोळीत त्याहून सैल चालतं, फक्त दुसरी आणि चौथी जुळली तरी पुरतं.

ती मुलगी कविता वाचणारी आहे, तेव्हा श्लेषाचा शब्द कवितेच्याच कारखान्यातून घ्या. चरण, यती, वृत्त, मात्रा, चाल, कडवं, या प्रत्येकाला कवितेबाहेरचाही अर्थ आहे. डोळे, चंद्र, गुलाब सोडून द्या, ते तिला हजारदा वाचून झालेत. 'मात्रा' घेऊ. वृत्तात मात्रा मोजतात, आणि 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' असंही आपण रोज म्हणतो. दोन्ही अर्थ मोडतोड न करता एकाच वाक्यात बसतात. चांगल्या श्लेषाची कसोटी हीच: दोन्हींपैकी कुठलाही अर्थ घेतला तरी वाक्य पूर्ण लागलं पाहिजे.

गद्यात वाक्य झालं: 'तुझ्यापुढे चालत नाही माझी मात्रा.' तेरा अक्षरं. आठात बसवायचं तर 'तुझ्यापुढे' तिसऱ्या ओळीत ढकलू, नाही तरी ती उत्सुकतेचीच जागा आहे. उरलं 'चालत नाही माझी मात्रा', नऊ. 'चालेना माझी मात्रा' केलं तर सात. 'माझी' काढून 'एकही' घातलं: 'चालेना एकही मात्रा'. आठ झाली आणि अर्थही वाढला. 'माझी मात्रा' म्हटलं की रोजचा अर्थ आधी येतो, 'एकही मात्रा' म्हटलं की मोजणी आठवते.

मग 'मात्रा'ला यमक. इथे आधी साठा बघायचा असतो, आणि बरेच जण तेच विसरतात. 'जत्रा, सत्रा, कुत्रा' चालणार नाहीत, त्यांच्यात 'त्रा'च्या आधी 'आ' नाही. ओढून न आणता मिळतो तो एकच शब्द, 'यात्रा'. एकच शब्द हाताशी असेल तर रुबाईचा हट्ट सोडायचा, कारण तिथे तीन लागतात. दुसरी आणि चौथी ओळ जुळवायची आणि थांबायचं. तिसरा शब्द बळेच आणला तर तोच सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो.

दुसरी ओळ 'यात्रा'वर संपायला हवी. 'शब्दांची निघते यात्रा' आठ अक्षरांत बसते आणि वाईट नाही. पण 'अक्षरांची चाले यात्रा' अधिक उपयोगी, कारण 'चाले' दुसऱ्या ओळीत आलं की चौथीतलं 'चालेना' त्याला उत्तर देतं. शिवाय बोटांवर अक्षरं मोजतात, शब्द नाही. पहिल्या ओळीसाठी सहज सुचतं ते 'कविता लिहायला बसतो'. दहा अक्षरं, शेवटी क्रियापद, आणि सगळं सांगून मोकळं. त्याऐवजी 'रात्रभर बोटांवर'. आठ अक्षरं, क्रियापद नाही, 'भर' आणि 'वर' आतल्या आत जुळतात, आणि बोटांवर काय चाललंय हे कळायला पुढची ओळ वाचावी लागते. तिसऱ्या ओळीला 'पण तुझ्यापुढे आलो की' नऊ होतात. 'तुझ्यापुढे येता मात्र' आठ, आणि 'मात्र' हा शब्द पुढच्या 'मात्रा'ची वर्दी देऊन जातो.

रात्रभर बोटांवर
अक्षरांची चाले यात्रा
तुझ्यापुढे येता मात्र
चालेना एकही मात्रा

हा तुमचा मेसेज. यात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या तिच्यासारख्या वाचकालाच दिसतील. अष्टाक्षरीत अक्षरं मोजतात, मात्रा नाही. ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन धरून मात्रा मोजल्या तर या ओळी 11, 15, 13 आणि 15 अशा भरतात. म्हणजे मात्रा खरोखरच जुळत नाहीत आणि चौथी ओळ शब्दशः खरी आहे. ('अक्षर'मधला 'अ' पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो. 'तुझ्या'मधला 'तु' मात्र लघूच राहतो, कारण 'झ्या'चा आघात मागे पडत नाही.) दुसरं म्हणजे पहिल्या तीन ओळी चार-चार अक्षरांवर टेकतात: रात्रभर, बोटांवर, अक्षरांची, चाले यात्रा, तुझ्यापुढे, येता मात्र. चौथी तीन, तीन, दोन अशी चालते आणि नेमकी तिथेच जीभ अडखळते. इतर कुठल्याही चारोळीत हा दोष धरला असता, इथे ओळ जे म्हणते तेच ती करून दाखवते. हे तिला समजावून सांगू नका. श्लेष उलगडून सांगितला की उत्तर द्यायला तिच्याकडे काही उरत नाही.

'वृत्त' घेऊनही एक जुळवून दाखवतो, मुख्यतः काय पाठवू नये ते कळावं म्हणून.

कविता अजून माझी
उतरेना वहीवर
वृत्त सापडले नाही
वृत्त मात्र गावभर

कारागिरी म्हणून ही पहिलीपेक्षा चोख आहे. अलंकारशास्त्रात ज्याला यमक म्हणतात, म्हणजे तोच शब्द वेगळ्या अर्थानं पुन्हा येणं, ते इथे आहे. आधी छंद, मग बातमी. 'वृत्त' ओळीच्या सुरुवातीला ठेवण्यालाही कारण आहे. शेवटी ठेवलं असतं तर 'चित्त, वित्त, निमित्त' यांच्याशी जुळवण्याचा मोह झाला असता, आणि मराठीत आपण 'वृ'चा उच्चार 'व्रु' करतो, त्यामुळे 'व्रुत्त' आणि 'चित्त' कागदावर जुळतात, कानात नाही. तरीही ही चारोळी पाठवू नका. चौथी ओळ सांगते की गावभर चर्चा आहे, आणि ज्या मुलीनं अजून होकार दिलेला नाही तिच्यासाठी ही धास्तीची बातमी आहे. विनोदाचा भार नेहमी लिहिणाऱ्यावर पडावा. 'माझी मात्रा चालत नाही' यात पडतो तो लिहिणारा. 'गावभर वृत्त' यात ओढली जाते ती.

आता एक वाद मिटवूनच टाकतो, कारण या प्रश्नाखाली कोणीतरी लिहिणारच की जाणकार वाचकाला यमकवालं काही पाठवू नये, मुक्तछंद पाठवावा, यमक बाळबोध असतं. हे मी फार वेळा ऐकलंय आणि मला ते साफ अमान्य आहे. बाळबोध असतं ते न शोधलेलं यमक. छंद ही हलकी गोष्ट असती तर माधव जूलियनांनी आयुष्यातली इतकी वर्षं 'छंदोरचना' या छंदशास्त्राच्या ग्रंथावर घातली नसती आणि 1938 मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली नसती. आणि मुक्तछंदाचा दाखला द्यायचाच असेल तर कवी अनिलांचा द्या. मराठीत मुक्तछंद रुजवण्यात ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं, त्यांनीच पुढे दहा ओळींची बांधीव 'दशपदी' घडवली आणि 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना त्याच नावाच्या संग्रहासाठी मिळाला. मोकळं लिहिता येणाऱ्या माणसालाही बंध हवासा वाटला, तो बाळबोध म्हणून नव्हे. शिवाय चार ओळींच्या मुक्तछंदाची एक व्यावहारिक अडचण आहे. तो मेसेज म्हणून आला की तोडून लिहिलेल्या गद्यापासून वेगळा ओळखता येत नाही, आणि गमतीला लागणारा ठोका द्यायला त्याच्याकडे काही नसतं. गंभीर काही म्हणायचं असेल तर मुक्तछंद जरूर लिहा. तुम्ही गमतीदार मागितलंय.

तयार चारोळ्यांबद्दलही स्पष्ट सांगतो. शोधून सापडलेली तिला पाठवू नका. तुम्हाला पाच मिनिटांत सापडली ती तिला पाच वर्षांपूर्वी सापडलेली असते. नामवंत कवीची ओळ स्वतःची म्हणून देणं तर त्याहून वाईट. हाच नियम माझ्या वरच्या चारोळीलाही लागू होतो: ती इथे छापली गेली, म्हणजे ती तिलाही वाचता येईल. म्हणून खरं तर बांधणी घ्या आणि शब्द बदला. 'यती' घ्या, ओळीतला थांबा आणि संन्यासी असे दोन्ही अर्थ आहेत. त्याला 'गती, मती, किती, रीती' असे शेजारपाजारचे भरपूर शब्द दिसतील, पण 'अती'चा आवाज फक्त 'गती' आणि 'मती'त आहे. 'किती'त 'इती' आहे, 'रीती'त 'ईती'. एवढा फरक धरून बसलात तर ओळ तुमची होईल.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. वरची चारोळी 'तू'वर आहे. तुम्ही एकमेकांना अजून अहो-जाहो करत असाल तर 'तुझ्यापुढे'चं 'तुमच्यापुढे' होतं, अक्षरं नऊ होतात आणि सलगीचा आवही उघडा पडतो. अशा वेळी आधी बोलणं 'तू'वर येऊ द्या. ओळ भरायला 'गं' किंवा 'सखे' घालू नका, एक-दोन अक्षरं भरून निघतात पण नात्यात नसलेली जवळीक गृहीत धरली जाते. शुद्धलेखन तपासा. 'कि' दिसलं की कविता वाचणारा माणूस तिथेच अडकतो, ते 'की' हवं. 'आणि'ची वेलांटी पहिली. ओळींच्या शेवटी स्वल्पविराम, तीन टिंबं आणि हसरे चेहरे नकोत, ओळ संपली हे यमक सांगतंच. चारही ओळी एकाच मेसेजमध्ये पाठवा. एकेक ओळ वेगळी पाठवली तर मधेच तिचं उत्तर येतं आणि तिसऱ्या ओळीनं धरून ठेवलेलं सगळं सांडतं.

'मात्रा जुळत नाहीत' असं तिनं मोजून कळवलं तर 'चौथी ओळ तेच म्हणते' एवढं लिहा. तिनं नुसता अंगठा दाखवला किंवा काहीच कळवलं नाही, तर दुसरी चारोळी पाठवू नका, कितीही चांगली जुळलेली असली तरी. आणि तुमची-तिची आजवर बोलाचालीच नसेल, नंबर कुठल्या तरी ग्रुपवरून घेतला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा, काही पाठवू नका.